सत्तेचाळिसावी ओळ

आत्याने स्वेटरचा पुढा जेवणाच्या टेबलावर पसरला तो फक्त लांबी मोजायला. 15 इंच भरले की मुंडा घ्यायचा, एवढंच तिला बघायचं होतं. टेप लावली, लांबी बरोबर भरली, आणि टेप उचलता उचलता तिचा हात थांबला. चष्मा कपाळावर चढवून ती नाक विणीला टेकेल इतकी वाकली आणि म्हणाली, "अगं, ही वेणी इथे उलटी पडलीय."

मला काही दिसेना. राखाडी लोकर, दोन उभ्या वेण्या, बाकी सगळी सपाट सुलट वीण. तिने बोट ठेवलं तरी कळायला वेळ लागला. उजवीकडची वेणी अकरा पीळ घेत सरळ वर गेली होती. डावीकडच्या वेणीचा सहावा पीळ मात्र चुकीच्या बाजूला वळला होता. आत्याने सुईच्या टोकाने खालून ओळी मोजल्या. बॉर्डर सोडून 47व्या ओळीत चूक, आणि सुईवर 88वी ओळ पुरी झालेली. मधल्या 41 ओळी, म्हणजे जवळजवळ सहा इंच वीण, तिने स्वतःच्या हातांनी विणली होती, रोज संध्याकाळी मांडीवर घेतली होती, रात्री गुंडाळून पिशवीत ठेवली होती. एकदाही तिला ती चूक दिसली नव्हती.

स्वेटर माझ्या धाकट्या भावासाठी होता. त्याला दिल्लीत नोकरी लागली होती. नाशिकची थंडी आम्हाला काही कमी नाही, पण दिल्लीच्या जानेवारीचा धसका आत्याने त्याच्यापेक्षा जास्त घेतला होता. विणकाम मी तिच्याकडूनच शिकते आहे, अजून मफलरच्या पुढे गेलेले नाही. त्यामुळे आता ती काय करते याकडे मी डोळे लावून बसले. तिने ताबडतोब काहीच केलं नाही. चुकीच्या जागी एक सेफ्टी पिन अडकवली, चहा टाकला, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत सुईला हात लावला नाही.

शेवटी ती चूक तिने ठेवली. कंटाळा आला म्हणून ठेवली असेल असं मला तेव्हा वाटलं होतं. ते चूक होतं, पण ते कळायला आधी वेणी कशी पडते ते समजून घ्यावं लागेल.

पीळ कसा पडतो

स्वेटरवरची वेणी ही वरून लावलेली नसते. ती विणीतच असते आणि तिची युक्ती अगदी साधी आहे. सहा टाक्यांची वेणी असेल तर पहिले तीन टाके न विणता एका आखूड तिसऱ्या सुईवर काढून घ्यायचे. पुढचे तीन आधी विणायचे आणि मग तिसऱ्या सुईवरचे तीन विणायचे. टाक्यांची जागा अशी बदलली की तीन-तीन टाक्यांचे दोन पेड एकमेकांवरून जातात. आत्याच्या नमुन्यात हे दर आठ ओळींतून एकदा, सातव्या ओळीला करायचं होतं. मधल्या सात ओळी नुसत्या सरळ.

आता खरी मेख. ती तिसरी सुई कामाच्या मागे धरली तर पीळ उजवीकडे झुकतो आणि पुढे धरली तर डावीकडे. आत्याला दोन वेण्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या हव्या होत्या, म्हणून उजव्या वेणीला "मागे" आणि डाव्या वेणीला "पुढे" असा तिचा पाठ होता. पिळाच्या प्रत्येक ओळीत मागे, मग पुढे. 47व्या ओळीत तिने दोन्ही वेळा सुई मागे धरली. का धरली, ते तिला आठवत नाही. फोन आला असेल, मालिकेत कुणी तरी दार ठोठावलं असेल.

एका उलट्या पिळाने काय होतं, हे मला तिने केसांच्या दोन पेडांवर करून दाखवलं. नीट वेणीत दोन्ही पेड आळीपाळीने वर येतात. एकदा हा वर, एकदा तो, म्हणून ते एकमेकांत गुंफले जातात. आत्याच्या डाव्या वेणीत पाचव्या पिळाला जो पेड वर होता, तोच सहाव्या पिळाला उलटा फिरून परत वरून आला. सातवा पीळ बरोबर घातला, पण तोवर तोच पेड उजव्या बाजूला येऊन थांबला होता, त्यामुळे सातव्या पिळालाही तोच वर. एकच पेड सलग तीन वेळा वर, दुसरा तीन वेळा खाली. म्हणजे तेवढ्या भागात ते दोघे गुंफलेलेच नाहीत. एक दुसऱ्यावर नुसता नागमोडी पसरलेला आहे. आठव्या पिळापासून पुन्हा सगळं सुरळीत.

म्हणूनच ती चूक पटकन डोळ्यांत भरत नाही आणि एकदा दिसली की नजरेआड होत नाही. वेणी तुटलेली नसते. जरा वेळ तिने स्वतःला सैल सोडलेलं असतं, एवढंच.

इतक्या ओळी होईपर्यंत ती दिसली का नाही, याचंही कारण विणकामातच आहे. पीळ घातला त्या ओळीत सहा टाके एकमेकांवर चढून नुसता गोळा झालेला असतो. तो कोणत्या बाजूला झुकला आहे, हे पुढच्या चार-पाच ओळी विणून वीण मोकळी झाल्यावरच दिसतं. तोपर्यंत 116 टाके एका सुईवर दाटीवाटीने चुण्या पडून बसलेले असतात. शिवाय एक आड एक ओळ उलट बाजूने विणायची असल्यामुळे अर्धा वेळ डोळ्यांसमोर कापडाची मागची बाजूच असते. नजर नेहमी सुईवरच्या टाक्यावर, फार तर त्याच्या खालच्या दोन ओळींवर. अख्खं कापड सपाट पसरून लांबून बघण्याचा प्रसंग लांबी मोजतानाच येतो. बहुतेक जुन्या चुका टेपच सापडवून देते, असं आत्या म्हणते.

ही चूक कसली आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेड चांगला असताना, तिने तीन गोष्टी तपासल्या. आधी सुईवरचे टाके मोजले. 116 भरले, जेवढे हवेत तेवढेच. मग चुकीच्या जागेभोवतीची वीण दोन्ही हातांनी आडवी ताणली आणि उभी ताणली. कुठे भोक उघडलं नाही, कुठला टाका सरकला नाही. शेवटी कापड उलटून मागची बाजू पाहिली. तिथे लोंबणारा दोरा नव्हता.

या तपासणीमागे स्वेटर मुळात कसा उभा असतो, ते आहे. विणलेलं कापड म्हणजे एकाच धाग्याच्या फासांची मांडणी. प्रत्येक फास खालच्या फासातून वर काढलेला असतो आणि त्याला स्वतःला वरचा फास धरून ठेवतो. सुईवरून एखादा टाका न विणता निसटला तर त्याला वरून धरणारं कुणी उरत नाही. तो खाली घसरतो, मग त्याच्या खालचा, मग त्याच्याही खालचा. उभी शिडी पडत जाते. नायलॉनच्या मोज्यावर एक छोटी ओरखड्याची रेघ घोट्यापर्यंत धावत जाते, ती याच रीतीने. असा सुटलेला टाका आत्या कधीही ठेवत नाही. तो शंभर ओळी खाली सापडला तरी क्रोशाच्या सुईने वर उचलते किंवा निदान मागून दोऱ्याने बांधून टाकते. सुई टाक्याच्या मधून जाण्याऐवजी धाग्याच्या तंतूंमधून गेली असेल, म्हणजे अर्धाच धागा विणला गेला असेल, तर तिथेही ती कापड पुन्हापुन्हा ताणून बघते. अर्धे तंतू आज टिकतात आणि चार धुण्यांनंतर तुटतात.

उलटा पीळ या जातीचा नाही. 47व्या ओळीतला प्रत्येक टाका 48व्या ओळीतल्या टाक्याने नीट धरलेला होता. टाक्यांची अदलाबदल झाली होती, पण ती दुसऱ्या बाजूने, एवढाच फरक. भावाने तो स्वेटर दहा हिवाळे घातला तरी त्या जागेवरून तो उसवणार नव्हता. "ही डोळ्याची चूक आहे, कापडाची नाही," आत्या म्हणाली. तिच्याकडून हा फरक मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दुरुस्तीचे तीन रस्ते

डोळ्याची चूकही दुरुस्त करता येते. तिच्यासमोर तीन रस्ते होते आणि प्रत्येकाचा हिशोब तिने माझ्यासमोर मांडला.

पहिला रस्ता सरळ उसवण्याचा. विणलेलं कापड वरच्या, म्हणजे शेवटी विणलेल्या बाजूनेच सुरळीत उसवतं. त्यामुळे 47व्या ओळीपर्यंत पोचायचं तर वरच्या सगळ्या ओळी सोडाव्या लागणार. चूक सहा टाक्यांची, पण सोडायच्या 42 ओळी आणि प्रत्येक ओळीत 116 टाके. म्हणजे जवळपास 4,900 टाके. आत्याला एक ओळ विणायला साधारण पाच मिनिटं लागतात. साडेतीन तासांचं काम, तिच्या हिशोबात चार संध्याकाळी. उसवायला मात्र दहा मिनिटं पुरतात.

दुसरा रस्ता अधिक चतुर. अख्खी ओळ न उसवता फक्त डाव्या वेणीचे सहा टाके सुईवरून सोडायचे आणि त्यांची शिडी मुद्दाम 47व्या ओळीपर्यंत खाली उतरवायची. मग त्या जागी 42 आडवे दोरे शिडीच्या पायऱ्यांसारखे मोकळे लोंबतात. खालून सुरुवात करून, दोन बारीक सुयांनी, एकेक पायरी घेत सहा-सहा टाके पुन्हा विणत वर यायचं. टाके फक्त 252. मात्र त्यात सहाही पीळ नव्याने घालायचे, आणि इथेच गोम आहे. पिळाच्या ओळीत दोरा दोन पेडांमध्ये ताणला गेलेला असतो, म्हणून ती पायरी नेहमी आखूड आणि घट्ट भासते. थोडा दोरा शेजारच्या टाक्यांतून ओढून घ्यावा लागतो, मग ते टाके आवळतात. पायऱ्यांचा क्रम एकदा जरी चुकला तरी नवी चूक तयार. वीण धुतल्यावर बरीचशी सारखी होते, पण वेणीच्या दोन्ही कडांना टाक्यांची एक सैल आणि एक घट्ट अशी उभी रांग पुष्कळदा राहून जाते. म्हणजे एका जागची चूक काढून सहा इंच लांब खूण पदरात घ्यायची.

तिसरा रस्ता ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. चुकीने वर गेलेल्या पेडाचे तीन टाके एका ओळीत कात्रीने कापायचे, खालचे आणि वरचे मोकळे फास बारीक सुयांवर धरायचे, तो पेड दुसऱ्याच्या खालून घालून घ्यायचा आणि बोथट सुईत लोकर ओवून वरचे-खालचे फास विणीसारखेच जोडून टाकायचे. हात बसलेला असेल तर जोड ओळखू येत नाही. आत्याने हे आयुष्यात दोनदा केलं आहे, दोन्ही वेळा नव्या लोकरीवर.

ही लोकर नवी नव्हती. आजोबांचा एक बटणांचा राखाडी स्वेटर ट्रंकेत पडून होता. कोपरं गेली होती, बाकी लोकर धडधाकट होती. आत्याने तो गेल्या पावसाळ्यात उसवला. आमच्याकडे लोकर अशी फिरतेच. बाबांच्या पुलओव्हरचा माझा स्वेटर झाला होता आणि माझ्या स्वेटरची टोपडी झाली होती. उसवलेली लोकर कुरळी असते. तिच्या प्रत्येक वळणावर जुन्या टाक्याची आठवण असते, आणि तशीच विणली तर नवी वीण खडबडीत येते. म्हणून आत्या ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करते, लडीला चार ठिकाणी सैल गाठी मारते, कोमट पाण्यात बुडवून ठेवते आणि ओली असतानाच खाली थोडं वजन अडकवून सावलीत टांगते. वाळेपर्यंत लोकर सरळ होते. मात्र जितक्या वेळा हे होतं तितके तिचे तंतू थोडे झिजतात. ती जरा जास्त केसाळ दिसू लागते, आणि जुन्या जोडांमुळे तिच्यात मधेमधे गाठी असतात. अशा लोकरीला कात्री लावायची तिची तयारी नव्हती. तिसरा रस्ता तिथेच मिटला.

दाराच्या खुंटीवर

उरले दोन. मग तिने एक गोष्ट केली जी मी आता प्रत्येक वेळी करते. पुढा सुईसकट दाराच्या खुंटीला लटकवला, सेफ्टी पिन काढून टाकली आणि मला पाच-सहा फुटांवर उभं केलं. "आता शोध."

मला चूक कुठे आहे ते माहीत होतं, म्हणून सापडली. शेजारच्या काकू सोलकढीची वाटी घेऊन आल्या होत्या, त्यांनाही तिने तेच विचारलं. काकू स्वतः विणतात. त्यांनी वरून बघायला सुरुवात केली, मग म्हणाल्या की उजवीकडची बॉर्डर सैल वाटते. बॉर्डर सैल नव्हती. वेणीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

चूक शरीरावर कुठे येणार, हेही आत्याने टेपने पाहिलं. खालच्या कडेपासून सव्वानऊ इंच, म्हणजे पोटाच्या थोडं वर, आणि एका बाजूला. गळ्याजवळ किंवा छातीच्या मधोमध असती तर समोरच्याची नजर बोलताना तिथेच गेली असती. तिथे ती तिने ठेवली नसती, असं तिने स्पष्ट सांगितलं.

मी एक शहाणपणा सुचवला. उजव्या वेणीतही पुढे एक पीळ मुद्दाम उलटा घातला तर ते डिझाईनसारखं दिसेल, नाही का? पुष्कळ विणणारे असं करतात हेही मला माहीत होतं. आत्याने सुया खाली ठेवल्या. "चूक एकदा झाली तर चूक. दोनदा केली की डिझाईन. पण मग दुसरी मी मुद्दाम केलेली असेल, आणि मला रोज तीच दिसेल." तो विषय तिथे संपला. तिने 89व्या ओळीपासून मुंड्याचे टाके बंद करायला घेतले.

मोजे ओळखणारी बहीण

वेण्यांच्या स्वेटरबद्दल एक गोष्ट जगभर सांगितली जाते. आयर्लंडच्या पश्चिमेला ॲरन नावाची बेटं आहेत. तिथल्या जाड पांढऱ्या स्वेटरांवर वेण्या आणि जाळ्या गच्च भरलेल्या असतात. प्रत्येक घराण्याची वेणी म्हणे वेगळी असे, आणि समुद्रात बुडालेला कोळी किनाऱ्याला लागला की स्वेटरवरून तो कोणत्या घरचा ते कळे. गोष्ट सुरेख आहे, पण अशी घराण्यांची ठरलेली वेणी असल्याचा पुरावा नाही. तिचा उगम बहुधा नाटकात आहे. जॉन मिलिंग्टन सिंज या नाटककाराची 'रायडर्स टू द सी' ही एकांकिका 1904 साली डब्लिनला पहिल्यांदा झाली. तिच्यात बुडून मेलेल्या एका तरुणाचे कपडे घरी येतात. ते त्याचेच का, हे त्याच्या बहिणींना ठरवायचं असतं.

बहीण ते ओळखते, पण वेणीवरून नाही. हातात साधा मोजा असतो आणि ती टाके मोजते. तो तिनेच विणलेला असतो. किती टाके घातले आणि त्यातले किती सोडले, हे तिला पाठ असतं. साठ घातले होते, चार सोडले होते. आकडा जुळतो आणि भाऊ गेल्याची खात्री पटते.

मी ही गोष्ट आत्याला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मोजणारच की. नक्षी कुणीही उचलतं. टाके ज्याचे त्याला माहीत असतात." हे तिचं बोलणं मला पुढच्याच आठवड्यात आठवलं.

पाठीच्या बावीस ओळी

पुढा संपला, पाठ सुरू झाली. पाठ अगदी सपाट, नुसती एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट, वेण्या नाहीत. वेणी कापड आत ओढते, म्हणून पुढ्याला 116 टाके होते. पाठीला 110 पुरले आणि दोघांची रुंदी 20 इंच सारखी आली. सुयाही त्याच, बॉर्डरला 11 नंबर आणि वर 9 नंबर. आपल्याकडच्या जुन्या मोजणीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, त्यामुळे बॉर्डर आवळून बसते. पाठ भराभर झाली. मुंडा घेतला, त्याच्या वर 22 ओळी झाल्या, आणि आत्याने सहज म्हणून पुढा पाठीवर ठेवून पाहिला. खालच्या कडा जुळवल्या, तर मुंडे जुळेनात. पाठीचा मुंडा इंचभर आधीच आला होता.

मोजल्यावर कळलं की पाठीला मुंड्यापर्यंत 88 ऐवजी 80 ओळीच झाल्या होत्या. पुढ्यावर ओळी मोजायची गरजच पडत नव्हती. अकरा पीळ म्हणजे अकरा गुणिले आठ, हिशोब डोळ्यांसमोर. सपाट पाठीवर असा कुठलाच मैलाचा दगड नव्हता, आणि तिने कुठे तरी एक आठाचा घास जास्त धरला होता. त्या दिवशी टेपही लावली नव्हती, ओळींवर विसंबली होती.

ही चूक कुणालाही दिसली नसती. पाठ तशी निर्दोष होती. एकसारखे टाके, एकही गाठ वर आलेली नाही. शिवताना पुढ्याची बाजू थोडी चुणून आणि पाठीची थोडी ताणून तो इंच जिरवताही आला असता. मी तसं म्हणालेही. पुढ्यावरची दिसणारी चूक ठेवली, मग ही न दिसणारी ठेवायला काय हरकत?

आत्याने तोवर सुई बाहेर ओढली होती. 110 टाक्यांचे मुंडे घेऊन 80-90 उरलेले, बावीस ओळी, म्हणजे दोनेक हजार टाके पाच मिनिटांत गुंडाळून गुंड्यावर परत गेले. उसवताना ती बोलत होती. ताणून शिवलेली कड पहिल्या दिवशी गप्प बसते. एकदा धुतली की पाठ आपल्या मूळ लांबीला परत जाते आणि सगळा स्वेटर मागून वर चढतो. घालणारा दिवसभर खाली ओढत बसतो. त्याला कारण कळत नाही, फक्त हा स्वेटर अंगाला बसत नाही एवढं कळतं, आणि मग तो कपाटातच राहतो.

लोकर थकते म्हणून तिने पुढा उसवला नाही, अशी माझी समजूत होती. तीच लोकर तिने पाठीसाठी दहाही सेकंद विचार न करता उसवली. पुढ्यावर तिने चहा केला होता, रात्र जाऊ दिली होती, खुंटीवर टांगून शेजारणीला विचारलं होतं, कारण तिथे प्रश्न खरोखर उघडा होता. पाठीपाशी प्रश्नच नव्हता. दिसणं आणि बसणं या तिच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दिसण्यात सूट देता येत होती, तीही मोजूनमापून. बसण्यात नाही.

एक गोष्ट तिने त्यानंतर नव्याने सुरू केली. पाठ पुन्हा 88 ओळींपर्यंत आणल्यावर मुंडा घेण्याआधी तिने बोथट सुईत भरतकामाचा लाल दोरा ओवला आणि सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून आरपार घालून तसाच सोडला. वर काही बिघडलं आणि उसवावं लागलं तर वीण त्या दोऱ्यापाशी येऊन थांबते. एकही टाका खाली निसटत नाही आणि टाके सुईवर परत घ्यायला सोपे जातात. काम संपलं की दोरा ओढून काढायचा. जाळीची नाजूक वीण करणारे हा आधाराचा दोरा नेहमी घालतात. आत्याने तो साध्या पाठीला घातला, आणि त्याबद्दल तिला जराही कमीपणा वाटला नाही.

स्वेटर नोव्हेंबरच्या शेवटी पुरा झाला. भावाने घातला, आरशात पुढून-मागून बघितलं, हात वर करून पाहिले. मागची कड जागची हलली नाही. वेणीबद्दल त्याने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

आत्याची एक जुनी दोनशेपानी वही आहे. तिच्यात तिने विणलेल्या प्रत्येक कपड्याचं एक पान आहे. कुणासाठी, लोकर किती, सुया कोणत्या, टाके किती, आणि खाली शेरा. भावाच्या स्वेटरच्या पानावर शेवटी पेन्सिलने दोन ओळी आहेत:

पुढा. ओळ 47, डावी वेणी उलटी. ठेवली.
पाठ. 8 ओळी कमी. उसवली.